पेट स्कॅनचा रिपोर्ट शुक्रवारी आला, ओपीडी मंगळवारी. मधले दिवस कसे काढता?

रानजाई (शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५, रात्री ११:४८)

घरातले सगळे झोपलेत म्हणून लिहायला बसले. मी सांगलीची. बाबा ६४ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. फेब्रुवारीत छातीत मधोमध गाठ सापडली, लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, डीएलबीसीएल प्रकारचा. आर-चॉप केमोच्या सहा सायकल झाल्या, दर २१ दिवसांनी एक. शेवटची १७ जूनला. त्यानंतर सात आठवडे नुसती वाट बघितली, आणि काल कोल्हापूरला पेट स्कॅन झाला.

आज संध्याकाळी ६:४० ला गवार मोडत बसले होते, तेवढ्यात व्हॉट्सॅपवर पीडीएफ आली. सोबत निरोप नाही, फोन नाही. शेंगेचे दोर बोटाला चिकटलेले, तसंच उघडलं. तीन पानं होती. मी थेट शेवटचा परिच्छेद वाचला. छातीतली उरलेली गाठ २.१ सेंटिमीटर, ती किती उजळली त्याचा आकडा, एसयूव्ही मॅक्स, ४.२, यकृताचा ३.१, डोव्हिल स्कोअर ४. चौथ्या सायकलनंतरच्या स्कॅनमध्ये हाच स्कोअर ३ होता. खाली लिहिलंय की हा उरलेला आजार असेल किंवा सूज असेल, क्लिनिकल कोरिलेशन करावे.

डॉक्टर मंगळवारी भेटणार. ओपीडीचा फोन वाजून वाजून बंद होतो.

बाबांनी जेवताना विचारलं, "आला काय गं कागद?" मी नाही म्हटलं. उद्या राखीपौर्णिमा, विट्याहून आत्या येणार आहे. माझे दोन प्रश्न आहेत. शुक्रवार ते मंगळवार तुम्ही लोक काय करता? आणि मी खोटं बोलले ते चुकलं का?

धोंडोपंत (शनिवार, ०:१९)

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझ्या मेहुण्याच्या वेळी आम्हाला सांगितलं होतं की एसयूव्ही २.५ च्या वर गेला की कॅन्सर समजायचा. तुमचा ४.२ आहे. ३ चा ४ झाला म्हणजे वाढच झाली ना? आणि केमो संपल्यावर सात आठवडे थांबवलंच कशाला? तेव्हाच स्कॅन केला असता तर आज हे दिसलं नसतं. मंगळवारपर्यंत बसू नका. उद्या सकाळी फाईल घेऊन पुण्याला निघा.

पेशंट_नं_४२ (शनिवार, ०:४१)

धोंडोपंत, रात्री बारा वाजता एकट्या जागणाऱ्या बाईला हे लिहिण्याआधी एक ग्लास पाणी प्यायला असतात तर बरं झालं असतं. आणि उद्या पुण्यात ओपीडीला कोण भेटणार आहे? सणाचा शनिवार आहे.

रानजाई, मला २०१७ मध्ये हॉजकिन्स झाला होता, तेव्हा मी २४ वर्षांची होते. केमोनंतर काही महिन्यांनी स्कॅन झाला आणि छातीत नवीनच काहीतरी उजळलं. "थायमस रिबाउंड, की आजार?" असं प्रश्नचिन्हासकट रिपोर्टात लिहिलेलं. केमोत दबलेली थायमस ग्रंथी तरुण माणसात नंतर पुन्हा फुगते, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. त्या तीन आठवड्यांत मी माझे दागिने बहिणीच्या नावाने कागदावर लिहून ठेवले होते. तो कागद अजून आहे माझ्याकडे. ती हसते, मी हसत नाही.

तुमच्या बाबांचं वय बघता त्यांची गोष्ट थायमसची नसणार, उगाच आशा लावून घेऊ नका. सांगायचं एवढंच की स्कॅनवर उजळलं म्हणजे कॅन्सरच, असं समीकरण नाही.

आता लॅपटॉप मिटा. "डोव्हिल ४" असं गूगलवर टाकून पाचवी लिंक उघडली असेल तर सहावी उघडू नका.

रानजाई (शनिवार, ०:५२)

अकरावी उघडली होती. मिटते.

सुलभा_ठाणे (शनिवार, सकाळी ७:१०)

अगं, मला पण त्या बोगद्याची भयंकर भीती वाटते. मागच्या वर्षी कमरेच्या एमआरआयला मी अर्ध्यातून बाहेर आले. बाबांना सांग, आत जायच्या आधीच डोळे मिटायचे, आत गेल्यावर मिटून उपयोग नाही. हातात ती रबरी बोंडी देतात ती घट्ट धरायची. आणि मनात रामरक्षा.

गामाकिरण (शनिवार, ७:५५)

सुलभाताई, त्यांचा स्कॅन होऊन गेलाय, आता रिपोर्टाची काळजी आहे. पेटचं मशीन एमआरआयइतकं अरुंद नसतं, आवाजही नसतो. पण डोळे आधी मिटायचे हे खरंच, आम्हीही सांगतो.

रानजाई, मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, १४ वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या बाबांना काय आहे ते मी सांगणार नाही आणि मला ते सांगताही येणार नाही. पण रिपोर्टात जे आकडे छापले जातात ते कसे तयार होतात ते रोज बघतो.

आधी सात आठवड्यांचं. केमो नुकती संपलेली असते तेव्हा मेलेल्या गाठीची साफसफाई शरीर करत असतं. त्या पेशीही साखर खातात, आणि पेट स्कॅन म्हणजे कोण किती साखर खातंय त्याचा फोटो. लवकर काढला तर सूजही आजारासारखी दिसते. म्हणून साधारण सहा ते आठ आठवडे थांबतात. रेडिएशन झालं असेल तर तीन महिने. नातेवाईकांना ते थांबणं हलगर्जीपणा वाटतं, रोज कोणीतरी काउंटरवर भांडतं. धोंडोपंत, लवकर केला असता तर हा आकडा कदाचित याहून मोठाच आला असता.

२.५ ची रेघ जुनी आहे. लिम्फोमात ती आता धरत नाहीत. आकडा मशीन बदललं तरी बदलतो, इंजेक्शननंतर ६० मिनिटांनी स्कॅन केला की ८० मिनिटांनी, त्यानेही बदलतो, रक्तातल्या साखरेनेही बदलतो. म्हणून २००९ मध्ये फ्रान्समधल्या डोव्हिल या गावी जमून तज्ज्ञांनी ठरवलं की गाठीची तुलना त्याच माणसाच्या, त्याच दिवशीच्या यकृताशी करायची. मोजपट्टी पेशंटच्या पोटातच असते. गाठ यकृताइतकी किंवा कमी उजळली तर ३ किंवा खाली, आणि ते सहसा चांगलं धरतात. यकृतापेक्षा मध्यम जास्त असेल तर ४. बरीच जास्त असेल किंवा नवीन जागी आजार दिसला तर ५. तुमचा ४.२ विरुद्ध ३.१ आहे, म्हणजे ४. हा स्कोअर "आजार आहे" असं सांगत नाही, "नाही असं म्हणता येत नाही" असं सांगतो. यातले काही पुढे आजार निघतात, काही नुसती सूज निघते. त्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत तुम्ही आत्ता बसला आहात, आणि ती फट फोटो बघून मला बुजवता येत नाही.

चार गोष्टी विचारतो. मागचा स्कॅन याच मशीनवर झाला होता का? काल सकाळी साखर किती होती? महिन्याभरात खोकला, ताप? इंजेक्शननंतर बाबा गप्प बसले होते का?

रानजाई (शनिवार, ९:३०)

आत्या यायच्या आत पटकन लिहिते. मागचा स्कॅन पुण्याला झाला होता. त्याची सीडी आम्ही नेली होती, पण काउंटरवर ती घेतली की नाही ते आठवत नाही, भाऊ होता तिथे. साखर १४८. जुलैत दहा दिवस खोकला होता, कफ पडत होता, अँटिबायोटिक घेतलं.

आणि गप्प? बाबा? स्कॅनच्या दिवशी पहाटे पाच वाजता उठून ते घाट गाठायला निघाले, आयर्विन पुलापर्यंत जाऊन आले. झोप लागत नव्हती म्हणे. कोल्हापूरला इंजेक्शन देऊन त्यांना त्या बंद खोलीत बसवलं, तिथे त्यांना मिरज डेपोचे जुने कंडक्टर भेटले. तासभर दोघांच्या गप्पा. नर्स दोनदा ओरडून गेली.

गामाकिरण (शनिवार, ९:५२)

😄 पीडीएफचं पहिलं-दुसरं पान काढा. मान आणि डोकं अशा मथळ्याखाली "लॅरिंक्स" दिसतंय का?

रानजाई (शनिवार, १०:०५)

"स्वरयंत्रात अपटेक, फिजिओलॉजिकल." पुढे "दोन्ही पोटऱ्यांच्या स्नायूंत अपटेक, श्रमामुळे असावा." मी हे वाचलंच नव्हतं. मी फक्त शेवटचा परिच्छेद वाचला.

गामाकिरण (शनिवार, १०:२०)

सगळे शेवटचाच वाचतात. बोलला तो गळा उजळतो, चालला तो पोटऱ्या. काळजीने मान-खांदे आवळून बसलेला माणूस असतो ना, त्याच्या मानेचे स्नायू उजळतात. एसीत कुडकुडला तर मानेतली ती तपकिरी चरबी उजळते, म्हणून आम्ही पांघरूण देतो. भीती स्कॅनवर दिसते, हे मी उगाच म्हणत नाही.

पण नीट ऐका. पोटऱ्या आणि गळ्यावरून छातीतल्या गाठीचं उत्तर मिळत नाही. जुलैतला खोकला मात्र डॉक्टरांना जरूर सांगा. फॉर्मवर लिहिला होता का? छातीत नुकता संसर्ग होऊन गेला असेल तर तिथल्या लिम्फ नोड सुजलेल्या असू शकतात. "क्लिनिकल कोरिलेशन" म्हणजे हेच. रिपोर्ट लिहिणारा त्या अंधाऱ्या खोलीतून विचारतोय की या माणसाला मधे काय झालं होतं ते मला कुणी सांगितलेलं नाही, तुम्ही बघा. आणि सीडी शोधा. जुनी चित्रं शेजारी ठेवून बघितलेला रिपोर्ट आणि नुसता जुना कागद वाचून लिहिलेला रिपोर्ट, यात फरक पडतो.

परदेशी_पाटील (शनिवार, ११:१५, न्यू जर्सी)

आमच्याकडे उलटी तऱ्हा. २०२१ च्या एप्रिलपासून इथे कायदाच आहे की रिपोर्ट तयार झाला की पेशंटच्या पोर्टलवर लगेच दिसला पाहिजे, डॉक्टरने बघितलेला असो वा नसो. बायकोच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, अधूनमधून सीटी असतो. एकदा रात्री पावणेअकराला फोन वाजला, "तुमच्यासाठी नवीन निकाल आहे." ती दात घासत होती. आम्ही बाथरूमच्या दारात उभं राहून वाचला. यकृतात ६ मिलिमीटरचा ठिपका, "टू स्मॉल टू कॅरेक्टराइज". ठरवता न येण्याइतका लहान. ती रात्र आम्ही त्या चार शब्दांवर काढली. सकाळी नर्सने सांगितलं की तो ठिपका दोन वर्षांपूर्वीच्या सीटीतही होता, तेवढाच.

तेव्हापासून नोटिफिकेशन बंद केलंय. स्कॅनच्या आधीच डॉक्टरांच्या फोनची वेळ घ्यायची आणि फोन चालू असताना दोघांनी मिळून रिपोर्ट उघडायचा, असं ठरलंय. ठरलंय म्हणजे तिने पाळलंय. मी मागच्या वेळी गाडीत बसून चोरून बघितला आणि दोन दिवस चेहरा सांभाळत फिरलो. चांगला होता, तरी सांभाळावा लागला, कारण बघितल्याचं सांगायची सोय नव्हती.

धोंडोपंत (शनिवार, दुपारी १२:४०)

२.५ चं मी ऐकीव सांगितलं, चूक झाली. पण मुद्दा सोडत नाही. शंका आहे तर सरळ बायोप्सी का करत नाहीत? एकदाचा निकाल लागतो. आठवडे-महिने माणसाला टांगून ठेवायचं हे काय?

पेशंट_नं_४२ (शनिवार, १२:५८)

या वेळी तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण छातीच्या मधोमध, श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी २ सेंटिमीटरची गाठ असते तेव्हा सुई घालणं म्हणजे काखेतल्या गाठीत घालण्याइतकं सोपं नसतं. तुकडा लहान आला आणि नेमका मेलेला भाग आला तर "आजार दिसला नाही" असं लिहून येतं, आणि त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा नवीन घोर लागतो. शिवाय बायोप्सीचा निकाल लगेच येत नाही. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये राहतो, मेणात बसवतात, काप काढतात, साधा रंग देऊन बघतात, आणि लिम्फोमात नंतर आयएचसीचे वेगळे रंग लागतात. माझा पहिला बारा दिवसांनी आला होता. वाट बघणं टळत नाही, फक्त दुसऱ्या रांगेत उभं राहायचं.

तरीही काही जणांना ती सुईच हवी असते. माझ्या मामाला हवी होती. तो म्हणायचा, दुखलं तर निदान काहीतरी चाललंय असं वाटतं.

विदर्भवासी (शनिवार, दुपारी २:०५)

मधे घुसतो, माफ करा. आईचा बोन स्कॅन आहे बुधवारी. पेटसारखंच उपाशी न्यायचं का तिला? डायबेटीस आहे, गोळी चालू आहे.

गामाकिरण (शनिवार, २:३०)

बोन स्कॅनला उपाशी राहावं लागत नाही, उलट भरपूर पाणी पाजा. औषध वेगळं असतं. पेटला साधारण सहा तास उपास आणि साखर २०० च्या आत लागते. मेटफॉर्मिनमुळे पेटवर आतडं उजळतं म्हणून काही ठिकाणी ती आधी थांबवायला सांगतात, पण ते तिथल्या लोकांनी सांगितलं तरच, मनाने गोळी बंद करायची नाही. सविस्तर वेगळ्या धाग्यावर विचारा, इथे रानजाईंचं चाललंय.

उपासावरून आठवलं. आधी मी जिथे होतो तिथे स्कॅनचं औषध मुंबईहून गाडीने यायचं. ते दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. साडेपाच तासांच्या प्रवासात आठवा हिस्सा उरतो, म्हणून तिकडून आठपट भरून पाठवतात. घाटात ट्रक उलटला, किंवा ते औषध बनवणाऱ्या सायक्लोट्रॉनवर बॅचच बिघडली, की सकाळी सहापासून उपाशी बसलेल्या बारा माणसांना उद्या या म्हणायचं. ते सांगायचं काम माझं. एकदा एक आजोबा मला काही बोलले नाहीत, फक्त पिशवीतून डबा काढला आणि तिथेच बाकावर बसून जेवले. त्यांना मी अजून विसरलेलो नाही.

पेशंट_नं_४२ (शनिवार, ४:१०)

रानजाई, खोट्याबद्दल तुम्ही विचारलंत आणि कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलते. मला घरच्यांनी दोन दिवस सांगितलं नव्हतं. मला कळलं होतं. आई अचानक माझ्या आवडीचं करायला लागली की कळतं. वाईट बातमीपेक्षा मला हे लागलं की सगळे माझ्याबद्दल स्वयंपाकघरात बोलतायत आणि मी बाहेर गेले की फोडणीचा आवाज मोठा होतो.

पण माझं वय २४ होतं. तुमच्या बाबांना काय हवंय ते मला माहीत नाही. काही माणसं आधीच सांगून ठेवतात की मला आकडे सांगू नका, औषध कोणतं ते सांगा. त्यांनाही हक्क आहे. स्कॅनच्या आधी विचारायला हवं होतं, आता विचारा.

सुलभा_ठाणे (शनिवार, ४:४५)

माझा रिपोर्ट पाठीचा होता हे खरं, पण ऐका. मिस्टरांच्या अँजिओग्राफीच्या वेळी माहेर-सासर मिळून दिवसाला तीस फोन. "काही कळलं का?" त्या फोनांनीच अर्धा जीव जायचा. मग मोठ्या जावेला नेमलं. कळलं की ती ग्रुपवर टाकेल, तोवर कुणी विचारायचं नाही. एक मावशी तरी करायच्याच. त्यांना जाऊ श्रावणातल्या सोमवारांबद्दल विचारून गुंतवायची.

रानजाई (रविवार, १० ऑगस्ट, रात्री १०:१५)

काल दिवसभर वेळ झाला नाही. आत्याने राखी बांधली, नारळीभात झाला. आत्या गेल्यावर बाबा मागच्या दारी सायकल उलटी करून चेनला तेल घालत बसले होते. मी जवळ गेले आणि म्हटलं, "बाबा, कागद काल आलाय."

ते म्हणाले, "ठाऊक आहे. जेवताना तू मोबाईल पालथा ठेवला होतास. कधी ठेवत नाहीस." पेडल एकदा फिरवून चेन बघितली, मग म्हणाले, "वाच."

मी मराठीत सांगत सांगत वाचला, पहिल्या पानापासून. एसयूव्ही आला तेव्हा ते म्हणाले, "एसयूव्ही म्हणजे गाडी ना?" मला हसू फुटलं आणि मग रडू आलं, दोन्ही एकदम. पोटऱ्यांची ओळ ऐकून मात्र खूश झाले. म्हणे मशीनला पण कळलं मी पुलापर्यंत गेलो होतो.

मग त्यांनी एकच विचारलं. सूज असेल तर किती दिवसांत उतरते? मी म्हटलं, मंगळवारी विचारू. त्यांनी तेलाच्या हाताने जुन्या लॉगशीटच्या पाठीमागे लिहिलं, "१. सूज किती दिवस." आज संध्याकाळपर्यंत त्या कागदावर पाच प्रश्न झालेत. चौथा आहे, "गणपतीला डोंबिवलीला जाता येईल काय."

सीडी सापडली, भावाच्या गाडीच्या डिकीत. कोल्हापूरला दिलीच नव्हती. उद्या तो नेऊन देतोय.

फोनचं काम भावजयीला दिलं. सुलभाताई, आमच्याकडेही एक मावशी आहेत.

झोप मात्र नाही. दिवसा कामात निभतं. रात्री दोन वाजता जाग येते आणि मी पुन्हा तीच ओळ उघडते, जणू मधल्या वेळात ४ चे ३ झाले असतील. यावर कुणाकडे काही आहे का?

परदेशी_पाटील (रविवार, १०:५०, न्यू जर्सी)

बायकोला कौन्सेलरने एक सांगितलं होतं, मला आधी खूळ वाटलं. काळजीची वेळ ठरवायची. संध्याकाळी सहा ते साडेसहा, खुर्ची ठरलेली. इतर वेळी विचार आला तर कागदावर एक शब्द लिहायचा आणि सहा वाजेपर्यंत थांब म्हणायचं. सहाला बसून सगळं भरभरून काळजीत काढायचं, साडेसहाला उठायचं. तिला लागू पडलं. मला नाही, मी सहा वाजता खुर्चीत झोपतो.

पेशंट_नं_४२ (रविवार, ११:०५)

पीडीएफ फोनमधून काढून भावाकडे पाठवा आणि तुमच्याकडची पुसा. मंगळवारी तो प्रिंट आणेल. रात्री दोनला हाताशी नसलेला कागद वाचता येत नाही. आणि चार-पाच रात्री अशाच गेल्या तर मंगळवारी स्वतःच्या झोपेबद्दलही डॉक्टरांशी बोला. शेजारणीची गोळी घेऊ नका.

रानजाई (मंगळवार, १२ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०)

जाऊन आलो. आज अंगारकी, आईचा उपास, तिने मिरजेत ओपीडीच्या बाकावर बसून अथर्वशीर्षाची आवर्तनं केली. नंबर अठ्ठाविसावा होता, पावणेतीनला लागला.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून पडद्यावर दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. सीडीचा उपयोग झाला. कोल्हापूरहून काल संध्याकाळी सुधारित रिपोर्टही आला होता, स्कोअर ४ च राहिला, पण गाठ ६ सेंटिमीटरवरून २.१ वर आलीय, नवीन जागी काही नाही आणि शेजारच्या दोन बारीक नोडही थोड्या उजळल्यात, एवढं त्यात वाढलं. खोकल्याचं सांगितल्यावर त्यांनी छाती तपासली, तारखा लिहून घेतल्या. त्यांचं म्हणणं, सूज असण्याची शक्यता त्यांना जास्त वाटते, पण ते लिहून देणार नाहीत. आत्ता केमो नाही, बायोप्सी नाही. आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन. उजळणं कमी झालं तर तिथेच थांबायचं, वाढलं तर श्वासनलिकेतून दुर्बीण घालून सुईने तुकडा घ्यायचा. मधे ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम, वजन घटणं, नवीन गाठ यातलं काही झालं तर तारखेची वाट न बघता यायचं.

धोंडोपंत, मी तुमचा प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले की तुमच्या वडिलांच्या जागी दुसऱ्या कुणी डॉक्टरने आत्ताच बायोप्सी सांगितली असती तर मी त्याला चूक म्हटलं नसतं. हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाहीये.

बाबांनी कागद काढून पाचही प्रश्न वाचले. सूज उतरायला किती दिवस, ते आठवड्यांत सांगता येत नाही, म्हणूनच आठ आठवडे. गणपतीला जायला परवानगी. आता चार दिवसांऐवजी आठ आठवडे.

धोंडोपंत (मंगळवार, ८:०५)

विचारलंत त्याबद्दल आभार. माझ्या मेहुण्याचं आम्ही कधी विचारलंच नाही, ते सांगतील ते ऐकत गेलो. माझं मत अजून बायोप्सीकडेच आहे. पण वडील तुमचे.

पेशंट_नं_४२ (मंगळवार, ८:४०)

आठ आठवडे चार दिवसांपेक्षा सोपे जातात, विश्वास ठेवा. शेवटचे दहा दिवस सोडून.

पुढचं आत्ताच सांगू का नको असा विचार करत होते. माझे स्कॅन दोन वर्षांनी बंद केले. ठणठणीत माणसाचे उगाच स्कॅन करत राहिलं तर खोट्या घंटाच जास्त वाजतात, म्हणून तपासणी आणि रक्तावर ठेवलं. मी तर स्कॅनला शिव्या घालायचे. बंद झाले तेव्हा सहा महिने रोज आंघोळीला मान चाचपायचे. आता महिन्यातून एकदा, एक तारखेला. त्याच्याहून कमी अजून जमलेलं नाही.

गामाकिरण (मंगळवार, ९:२०)

पुढची तारीख याच मशीनवर घ्या, सकाळची. ओपीडीची तारीख आधी घ्या आणि स्कॅन तिच्या एक-दोन दिवस अलीकडे बसवा, शुक्रवारी तर नकोच. फॉर्मवर जुलैचा खोकला लिहा, मधे कुठली लस घेतली तर कोणत्या दंडावर तेही लिहा, लसीनेही काखेतल्या नोड उजळतात. घरी लहान मूल असेल तर स्कॅनच्या दिवशी संध्याकाळपर्यंत आजोबांच्या मांडीवर नको.

रानजाई (मंगळवार, ९:४५)

पुतण्या चार वर्षांचा आहे. गेल्या गुरुवारी दारातच मिठी मारायला धावला, भावजयीने मधेच उचलला तर अर्धा तास भोकाड.

तारीख घेतली. ओपीडी मंगळवार १४ ऑक्टोबर, स्कॅन सोमवार १३. दिवाळी त्याच्या पुढच्या आठवड्यात. आई म्हणत होती, दिवाळी होऊ दे मग करू. बाबा म्हणाले, नको, फराळाचं सामान त्या हिशेबाने आणू. कुठल्या हिशेबाने ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

गामाकिरण (मंगळवार, ९:५०)

१३ तारखेला पहाटे पुलाकडे जाऊ देऊ नका. आदल्या दिवशीपासूनच नाही. आणि त्या कंडक्टरांचा स्कॅन कधी आहे ते बघून घ्या.